एका स्क्रीनशॉटवरून परत उभं केलेलं खानावळीचं पान

फोंड्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. दुपारी बारा ते तीन माशाची थाळी, श्रावणात शाकाहारी. तिचं एकच पान इंटरनेटवर होतं: आजची थाळी काय, किती रुपयांना, आणि कुठला पदार्थ संपला. खानावळ चालवणाऱ्या काकांची मुलगी ते रोज सकाळी बदलायची. ज्याने पान करून दिलं होतं त्याचा फोन लागेनासा झाला, होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले आणि एके दिवशी पान गेलं. फाइली कुणाकडेच नव्हत्या. वेबॅक मशीनवर शोधलं, तर तिथे ते कधी साठवलंच गेलं नव्हतं. उरला होता तो मुलीने शिगम्याच्या दिवसांत मैत्रिणीला पाठवायला काढलेला एक स्क्रीनशॉट. तोच तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. "दादा, असंच पाहिजे हां. बाबांना दुसरं चालायचं नाही."

दुसरं न चालण्याचं कारण रंग होता. पानाच्या वरच्या पट्टीचा, दारावरच्या फलकाचा आणि छापील मेनूकार्डाचा लाल एकच: काव. आपल्याकडच्या जुन्या देवळांत आणि घरांत चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीने जी नक्षी काढतात, तो लाल. काकांच्या घराच्या ओट्यावर अजून तसा एक पट्टा शिल्लक आहे.

स्क्रीनशॉटवरून मापं काढायची म्हटलं की हात आपोआप रंगाचा कोड वाचणाऱ्या पिपेटकडे जातो. मी आधी फाइलचा आकार बघतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं. ही जेपीजी होती, ७३९ बाय १६०० पिक्सेलची, आणि इतक्या रुंदीचा पडदा कुठल्याच फोनला नसतो. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो पाठवताना तो लहान करतं आणि लांब बाजू १६०० वर आणतं, तेच इथे झालेलं होतं.

आता आपल्याला हवी असतात पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पिक्सेल मापं. आयफोन १३ चा पडदा ब्राउझरच्या दृष्टीने ३९० पिक्सेल रुंद असतो, पण प्रत्यक्षात त्यावर ११७० ठिपके असतात, म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलला तीन. स्क्रीनशॉट ११७० बाय २५३२ चा निघतो. तो १६०० उंचीवर आणला की रुंदी ७३९ होते. इथपर्यंत जुळलं. पण १३ प्रो मॅक्सचा स्क्रीनशॉट असतो १२८४ बाय २७७८, आणि तोही १६०० वर आणला की ७३९ किंवा ७४० वरच येतो! त्याची सीएसएस रुंदी मात्र ४२८. म्हणजे चित्रात ३० पिक्सेल भरलेली मोकळी जागा एका फोनवर जवळजवळ १६ ठरते आणि दुसऱ्यावर सतराच्या थोडी वर. नुसत्या फाइलकडे बघून हे सुटत नाही. ते विचारून घ्यावं लागतं. मी विचारलं, ती म्हणाली, साधा तेरा.

तरी मी आळस केला आणि त्या जेपीजीवरूनच पहिला मसुदा बांधला. एक सीएसएस पिक्सेल म्हणजे चित्रातले १.८९५ पिक्सेल, असा भागाकार करत गेलो. अडलं ते थाळीच्या कार्डाच्या रुंदीवर. चित्रात ती ६७९ भरत होती, पण लहान करताना कडा पसरट झालेल्या, त्यामुळे ६७८ म्हणा की ६८०, डोळ्यांना फरक कळत नव्हता. आणि नेमक्या तेवढ्याच अंतरात दोन वेगळी उत्तरं बसत होती. दोन्ही बाजूंना १६ सोडून कार्ड ३५८ रुंद असेल तर चित्रात ६७८ आणि थोडं. पडद्याच्या ९२ टक्के रुंद असेल तर ३५८.८, चित्रात जवळजवळ ६८०. या फोनवर दोन्ही सारखंच दिसतं. पण टॅबलेटवर उघडलं की पहिल्यात कडेला १६ पिक्सेलच राहणार आणि दुसऱ्यात बोटभर जागा पडणार.

शेवटी मूळ चित्र मागवलं. फोटो अ‍ॅपमधून ते "फाइल्समध्ये जतन करा" करायचं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून जोडायचं. असं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. आली ती पीएनजी, ११७० बाय २५३२. कार्ड भरलं १०७४. भागिले तीन, ३५८. टक्क्यांचा हिशेब असता तर १०७६ आलं असतं. प्रश्न मिटला.

मोजायला मी जिंप वापरतो, पण साधन कुठलंही चालेल. चित्र ८०० टक्क्यांवर मोठं करायचं, मोकळ्या जागेवर चौकोनी निवड ओढायची आणि निवडीचा आकार वाचायचा. नुसती मोजपट्टी ओढली तर शेवटचा पिक्सेल धरला की सोडला याचा गोंधळ होतो, चौकोनात तो होत नाही. तिप्पट पडद्याच्या चित्रात एक फुकटची तपासणीही मिळते: बहुतेक माप तीनने निःशेष भागलं गेलं पाहिजे. कार्डाच्या आतली जागा ४८, म्हणजे १६. दोन कार्डांतलं अंतर ३६, म्हणजे १२. फोन लावायच्या बटणाची उंची १४४, म्हणजे ४८. एके ठिकाणी ४९ आलं तेव्हा मी पान न मोजता स्वतःची चूक शोधली. कार्डाच्या फिकट सावलीचा एक ठिपका मी कडेत धरला होता. सावली असलेल्या वस्तूची कड खालच्या बाजूला मोजू नये, डाव्या-उजव्या बाजूच्या मध्यावर मोजावी. तिथे सावली सहसा पातळ असते.

इथवर इंग्रजी पान असो की मराठी, सगळं सारखंच. मजकुराशी आलं की मराठीचं वेगळं असतं. ओळींमधलं अंतर म्हणजे वरच्या अक्षराच्या तळापासून खालच्या अक्षराच्या डोक्यापर्यंतची दिसणारी जागा नव्हे. खाली उकार आला, वर रफार किंवा वेलांटी आली की ती जागा ओळीगणिक बदलते. "सोलकढी" खाली "तिसऱ्या" आणि "सुकट" खाली "किसमूर" यांत दिसणारी फट वेगवेगळी असते, ओळीची उंची मात्र एकच. आपल्याकडे देवाने दिलेली मोजपट्टी म्हणजे शिरोरेघ. एका शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून पुढच्या ओळीच्या शिरोरेघेच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. पदार्थांच्या यादीत ते ८१ आलं, म्हणजे ओळीची उंची २७. अक्षराचा आकार १८ आणि ओळ दीडपट असेल, असा अंदाज बांधला. तो खरा की नाही हे एका लांब शब्दाची रुंदी जुळवून बघितलं, कारण आकार चुकला तर रुंदी लगेच बोलते.

शीर्षक आणि कार्ड यांच्यामधली जागा मात्र अशी सरळ निघत नाही. "आजची थाळी" या अक्षरांच्या तळापासून कार्डाच्या कडेपर्यंत ४५ भरले, म्हणजे १५. मी पहिल्या मसुद्यात तेवढी मार्जिन दिली होती आणि पान ढगळ दिसत होतं. कारण उघड आहे. अक्षराखाली ओळीची स्वतःची मोकळी जागा असते, ती स्क्रीनशॉटमध्ये रंगाने वेगळी दिसत नाही, मार्जिनमध्येच मिसळून जाते. ती किती हे फॉन्टवर ठरतं, त्यामुळे गणित करत बसण्यापेक्षा उलट्या बाजूने जावं. मी शीर्षकाखाली १६ ची मार्जिन ठेवून चाचणीचं पान चढवलं, मुलीला दुवा पाठवला आणि तिच्याच फोनवरचा स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून मागवला. त्यात तीच जागा ६९ भरली, म्हणजे २३. हवे होते १५. आठ जास्त, तेव्हा मार्जिन आठ.

तिच्याच फोनवर का, तर जुन्या पानात वेगळा फॉन्ट जोडलेलाच नव्हता. आयफोन अशा वेळी देवनागरी कोहिनूरमध्ये दाखवतो, अँड्रॉइड नोटो सान्समध्ये, विंडोज निर्मलामध्ये. माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडून जागा जुळवल्या असत्या तर त्या निर्मलाच्या झाल्या असत्या, स्क्रीनशॉटच्या नव्हे.

आता रंग. यात मी खरोखर फसलो.

पहिल्या मसुद्यात वरच्या पट्टीचा लाल मी जेपीजीवरून उचलला होता. जेपीजी रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवते आणि चित्राचे चौकोनी तुकडे करून दाबते, त्यामुळे पांढऱ्या अक्षरांच्या आसपास लाल फिकुटतो आणि सपाट दिसणाऱ्या भागातही शेजारच्या पिक्सेलचे आकडे एकदोनने हलतात. पाच ठिकाणी पिपेट लावली तर पाच कोड. म्हणून मजकुरापासून लांबचा सपाट भाग घेऊन त्याची सरासरी काढली: `#9D2C26`. मूळ पीएनजी हातात आल्यावर वाटलं, आता सरासरीची गरज नाही, पीएनजीत काही हरवत नाही. पायथनमध्ये एक पिक्सेल वाचला, (१४६, ५२, ४३). कोड `#92342B`. तो टाकला आणि पान काकांना दाखवलं.

काकांनी फोन लांब धरून बघितला, मग जवळ. "हो रंग आमचो न्हय रे. ही शेणमाती."

खरंच मळकट दिसत होता. म्हणजे खराब फाइलने दिलेला रंग जवळचा आणि चांगल्या फाइलने दिलेला लांबचा! असं झालं की पिपेटला दोष देण्यात अर्थ नसतो, आकडा कुठल्या मोजपट्टीवरचा आहे ते विचारावं. आयफोनचा पडदा जास्त रंग दाखवू शकतो, म्हणून त्याच्या स्क्रीनशॉटचे आकडे Display P3 नावाच्या रंगपट्टीवर लिहिलेले असतात आणि तसं सांगणारी प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेली असते. सीएसएसमधला साधा हेक्स कोड मात्र sRGB पट्टीवर वाचला जातो. तोच रंग मोठ्या पट्टीवर लिहिला की आकडे आतल्या बाजूला सरकतात, जसं १०० रुपयांचं माप डॉलरमध्ये लिहिलं की आकडा लहान होतो. डॉलरचा आकडा रुपये समजून वाचला, तर माल स्वस्तच वाटणार. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम प्रोफाइल वाचून हिशेब करतो म्हणून डोळ्यांना चित्र बरोबर दिसतं, पण पिक्सेलचा कच्चा आकडा वाचणारं साधन तो हिशेब करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या जेपीजीत प्रोफाइल नव्हती, तिचे आकडे वाटेत आधीच बदललेले दिसत होते. दर वेळी तसं होईलच, यावर मी भिस्त ठेवणार नाही.

ही चूक लक्षात येणं अवघड का, तर लोक पडताळा घेतात तो पांढऱ्यावर. पांढऱ्यावर पिपेट ठेवली, `#FFFFFF` आलं, म्हणजे सगळं ठीक. पण या दोन पट्ट्यांचा पांढरा बिंदू एकच आहे, त्यामुळे पांढरा, काळा आणि मधले सगळे करडे दोन्हीकडे तेच राहतात. घसरतात ते भडक रंग. पडताळ्याला असा रंगीत रंग हवा ज्याचा खरा कोड आपल्याला बाहेरून माहीत आहे.

तो पानाच्या तळाशी सापडला. जुना कारागीर "नकाशा" या दुव्याला रंग द्यायला विसरला होता, तो ब्राउझरचा मूळ निळा राहिला होता. तो निळा ठरलेला आहे, `#0000EE`. अक्षरांवर मोजला नाही, कारण अक्षरांच्या कडांचे पिक्सेल पार्श्वभूमीत मिसळलेले असतात. खालच्या अधोरेखेच्या मधल्या ओळीवर मोजला. आलं (०, ०, २२८), म्हणजे `#0000E4`. निळा २३८ चा २२८ झाला होता, आणि P3 मध्ये तो नेमका तेवढाच व्हायला हवा. त्या विसरभोळ्या दुव्याचे मी आभार मानले. मग हिशेब प्रोग्रॅमकडूनच करून घेतला:

```python
import io
from PIL import Image, ImageCms

im = Image.open("shot.png")
src = ImageCms.ImageCmsProfile(io.BytesIO(im.info["icc_profile"]))
print(ImageCms.getProfileDescription(src))
im = ImageCms.profileToProfile(
    im.convert("RGB"), src, ImageCms.createProfile("sRGB"))
print("#%02X%02X%02X" % im.getpixel((60, 300)))
```

पहिली ओळ छापली `Display P3`, दुसरी `#9E2B25`. `icc_profile` सापडलीच नाही म्हणून प्रोग्रॅम अडला, तर फाइलवर वाटेत कुणीतरी प्रक्रिया केली आहे असं समजावं आणि ती परत मागवावी. मॅकवर हेच डिजिटल कलर मीटरमध्ये करायचं तर वरच्या यादीत sRGB निवडायचं. तिथे "नेटिव्ह" राहिलं तर तीच फसगत त्या पडद्याच्या प्रोफाइलने होते.

राहिली होती "संपली" ही तिरकी पट्टी. तिचं एक टोक दुधाळ कार्डावर होतं आणि दुसरं लाल पट्टीवर, आणि दोन्हीकडे तिचा रंग वेगळा. म्हणजे ती पारदर्शक होती. अशा वेळी दिसणारा रंग हा कोड म्हणून वापरता येत नाही, पण दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर एकच पट्टी मिळाली हे भाग्यच, कारण एकाच पार्श्वभूमीवरून पारदर्शकता निघतच नाही. sRGB मध्ये आणल्यावर कार्ड होतं (२५५, २४८, २३६) आणि त्यावर पट्टी (१०२, ९९, ९४). लाल (१५८, ४३, ३७) आणि त्यावर पट्टी (६३, १७, १५). पार्श्वभूमींतला फरक पट्टीखाली किती उरला ते बघायचं. तांबड्यात ९७ चे ३९ उरले, हिरव्यात २०५ चे ८२, निळ्यात १९९ चे ७९. तिन्हीकडे जवळजवळ चार दशांश. म्हणजे पट्टी सहा दशांश झाकते. कार्डाचे चार दशांश (१०२, ९९, ९४) होतात, जे दिसतं तेवढंच, म्हणून पट्टीचा स्वतःचा वाटा शून्य, अर्थात काळा: `rgba(0,0,0,0.6)`. तिन्ही रंगांत उत्तर सारखं आलं नसतं, तर पट्टीवर साधी पारदर्शकता नाही, काही वेगळं मिसळण आहे असं मी मानलं असतं. हे गणित कच्च्या P3 आकड्यांवर करू नये, कारण ब्राउझरने मिसळण sRGB मध्ये केलेलं असतं.

शेवटची तपासणी डोळ्यांनी करत नाही. नव्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच फोनवरून घेतला, जिंपमध्ये जुन्यावर थर म्हणून ठेवला आणि थराचं मिसळण "डिफरन्स" केलं. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं, जिथे फरक तिथे उजेड. दोन्ही चित्रं एकाच फोनची, एकाच प्रोफाइलची, त्यामुळे इथे रूपांतराची गरज नाही. एकदोन आकड्यांचा फरक काळ्यात लपतो म्हणून लेव्हल्समध्ये उजेड बराच वाढवला. घड्याळ, बॅटरी आणि त्या दिवसाच्या भाज्यांची नावं चमकली, ती चमकायचीच. पण फोनच्या बटणाच्या चारही कोपऱ्यांत चंद्रकोरीसारख्या बारीक रेघा दिसल्या. गोलाई मी १० धरली होती. कोर बटणाच्या आत पडली होती की बाहेर, ते जुनं चित्र चालूबंद करून पाहिलं. जुना कोपरा जास्त गोल होता. १२ केल्यावर चारही कोरी गेल्या.

काकांनी या वेळी फोन ओट्यावरच्या पट्ट्याशेजारी धरला. काही बोलले नाहीत, आत गेले आणि मुलीला उद्याच्या यादीत काय घालायचं ते सांगू लागले.

लॅपटॉपवर जुनं पान कसं दिसायचं, हे त्या एका चित्रात कुठेच नव्हतं. मुलीलाही आठवेना. आम्ही पानाला ४८० ची कमाल रुंदी घालून ते मधोमध ठेवलं आणि बिलावर मी ते "नवीन काम" म्हणून वेगळं लिहिलं.